मदत नव्हे, वाटणी

गेल्या पावसाळ्यात एक बाई आपल्या आईचा रक्तातील साखरेचा अहवाल घेऊन दवाखान्यात आल्या. वय ४९, अविवाहित, गावातील पतसंस्थेत नोकरी. आई ७९ वर्षांची. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन तिचे डावे अंग लुळे पडले होते, आणि मधुमेह तर त्याच्याही आधीपासूनचा. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन सुरू होते. अहवाल पाहता पाहता माझे लक्ष बाईंच्या डोळ्यांकडे गेले. ते सुजलेले होते. मी रक्तदाब मोजण्यासाठी हात पुढे करायला सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माझं राहू द्या. आईचं तेवढं बघा."

रक्तदाब १६८/१०४ होता. पंधरा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी १६४/१००. मग हळूहळू एक गोष्ट बाहेर आली. दोन दिवसांपूर्वी त्यांनी संध्याकाळचे इन्सुलिन साडेसातला दिले, आणि दिल्याचे विसरून साडेआठला पुन्हा दिले. रात्री अडीच वाजता आईला दरदरून घाम फुटला आणि ती असंबद्ध बोलू लागली. घरच्या यंत्रावर साखर ५२ भरली. आई शुद्धीवर होती आणि गिळू शकत होती, म्हणून बाईंनी तिला उठवून बसवले, तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोटाघोटाने पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी केली. त्या रात्री मोठे संकट टळले. "पण मला खरंच आठवत नाही हो, पहिलं इंजेक्शन दिल्याचं," असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी आईला पाहायला घरी गेलो. तिच्या डाव्या दंडावर बोटांच्या आकाराचे निळसर वण होते. मी काही विचारण्यापूर्वीच लेक भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तो माझाच हात आहे. त्या दिवशी ती कुशीवर वळेना. मी ओढली." आई मात्र उजव्या हाताने लेकीचा पदर धरून बसली होती.

ही लेक निष्काळजी नव्हती आणि निर्दयही नव्हती. तीन वर्षे ती एकटीने हे सारे करीत आली होती. तिला जे झाले होते त्याला वैद्यकीय व्यवहारात 'केअरगिव्हर बर्नआउट' म्हणतात. आपण त्याला सेवाथकवा म्हणू. साधा थकवा दोन रात्री शांत झोप मिळाली की उतरतो. सेवाथकवा असा उतरत नाही, कारण विश्रांतीच्या वेळीही मन रुग्णाच्या खोलीतच अडकलेले असते. विसरभोळेपणा, लहानसहान कारणांवरून संताप, मग त्या संतापाची लाज, आणि अखेरीस रुग्णाविषयी काहीच न वाटणे, अशा क्रमाने तो पुढे सरकतो. त्याचे पहिले परिणाम सेवा करणाऱ्याच्या शरीरावर दिसतात आणि पुढचे रुग्णाच्या औषधांत व अंगावर.

अशी शंका आली की मी तीन प्रश्न विचारतो. गेल्या आठवड्यात तुमची सर्वांत जास्त सलग झोप किती तासांची झाली? औषधे, बँक, बाजार यांखेरीज केवळ स्वतःसाठी दोन तास घराबाहेर कधी गेला होता? आणि रुग्णावर हात किंवा आवाज शेवटचा कधी चढला? बाईंची उत्तरे अशी होती: दोन तासांहून कमी, आठवत नाही, परवा.

आधी भार मोजावा

मी त्यांना एक शंभर पानी वही आणायला सांगितली आणि आठवडाभर प्रत्येक काम वेळेसह लिहायला लावले. रात्री किती वेळा उठावे लागले आणि कशासाठी, हे विशेष करून. दिवसा साडेनऊ ते साडेपाच एक बाई आईजवळ असत. त्यांचा पगार आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून जाई. त्यामुळे 'दिवसाची सोय आहे, मग अडचण काय?' असे भावंडांना वाटत असे. वहीने वेगळेच सांगितले. रात्री साडेदहा ते पहाटे साडेपाच या सात तासांत लेक सरासरी पाच वेळा उठत होती. दोनदा लघवीसाठी, दोनदा आईची कूस बदलण्यासाठी आणि एकदा आईला झोप लागत नाही म्हणून. सर्वांत जास्त सलग झोप १ तास ५० मिनिटे भरली होती.

वहीचा पहिला उपयोग वाटणीसाठी होत नाही. काही भार मुळातच कमी करता येतो का, हे त्यातून आधी कळते, आणि या कामी तुमच्या डॉक्टरांचा उपयोग होतो. आईच्या पायांवरील सूज उतरवण्यासाठी लघवी वाढवणारी एक गोळी चालू होती. सोय म्हणून ती रात्रीच्या जेवणानंतर दिली जात असे. मी ती सकाळी द्यायला सांगितली. दिवसाच्या बाई आईला दुपारी एकपासून चारपर्यंत झोपू देत असत, म्हणून रात्री आई टक्क जागी राही. दुपारची झोप तासाभरावर आणली आणि चार वाजता तिला खुर्चीत बसवून अंगणात नेण्याचे ठरले.

तिसरी गोष्ट कूस बदलण्याची. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला साध्या गादीवर दर दोन तासांनी वळवावे लागते, नाही तर माकडहाड आणि टाचा यांवर दाबजखमा होतात. आईसाठी हवेचा दाब आलटून पालटून बदलणारी गादी आणली. तिची त्वचा तपासली, ती निकोप होती, म्हणून रात्री चार तासांनी वळवण्याची मुभा दिली. मात्र एक अट घातली. रोज सकाळी माकडहाड, नितंब आणि टाचा उजेडात पाहायच्या. एखादी लाली बोटाने दाबूनही फिकी पडत नसेल, तर त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही, त्याच दिवसापासून पुन्हा दोन तासांचा नियम पाळायचा आणि मला कळवायचे. असे निर्णय रुग्णागणिक बदलतात, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत.

कूस बदलण्याची रीतही त्यांना पुन्हा दाखवली. लुळा हात धरून कधी ओढू नये. त्या बाजूचा खांदा सैल झालेला असतो आणि ओढल्याने सांधा सरकू शकतो. रुग्णाचा गुडघा दुमडावा, एक हात त्याच्या खांद्यामागे व एक कमरेमागे ठेवून त्याला आपल्याकडे वळवावे. वर सरकवायचे असेल तर पाठीखाली आडवी दुमडलेली चादर ठेवून ती दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलावी. पंधरा दिवसांत रात्रीचे उठणे पाचावरून दोन-तीनवर आले. भावंडांपैकी कोणी अजून काहीच उचलले नव्हते, तरी एवढा भार हलका झाला.

मदत आणि जबाबदारी

आता भावंडांविषयी. थोरला भाऊ पुण्याला, धाकटी बहीण कोल्हापूरला. दोघांचेही आईवर प्रेम होते. भाऊ महिन्यातून एकदा सहकुटुंब येत असे. 'काही मदत लागली तर सांग' असे प्रत्येक वेळी म्हणत असे. परंतु तो आला की चार जणांचा स्वयंपाक, अंथरुणे आणि पाहुण्यांची ऊठबस हे सारे याच लेकीच्या वाट्याला येई. बहीण रोज फोन करी आणि आईला कोणते फळ द्यावे, कोणते देऊ नये, हे सांगत असे. 'तुला कुठे संसार आहे' हे वाक्य कोणी स्पष्ट उच्चारले नव्हते, पण तिघांच्याही मनात ते पक्के बसले होते, तिच्या स्वतःच्यासुद्धा.

मदतीची मागणी करणे हेदेखील एक कामच असते. काय हवे ते आठवायचे, योग्य वेळ पाहून सांगायचे, समोरच्याने केले की नाही याचा पाठपुरावा करायचा, आणि वर उपकाराचे ओझे बाळगायचे. म्हणून पुष्कळदा एकटी व्यक्ती म्हणते, 'त्यापेक्षा मीच करते.' भार हलका होतो तो एखादे काम पूर्णपणे दुसऱ्याच्या अंगावर गेल्यावर, म्हणजे ते आठवणे, करणे आणि चुकल्यास निस्तरणे हे तिन्ही त्याच्याकडे गेल्यावर.

एका रविवारी सकाळी मी तिघांना दवाखान्यात बोलावले. घरी बोलणे झाले असते तर आईच्या समोर झाले असते, आणि जुने हिशेब निघाले असते. मी वही मधे ठेवली आणि भावाला मोठ्याने वाचायला सांगितले. मंगळवारच्या रात्रीची पाच उठण्यांची नोंद वाचून तो थांबला. नंतर मी इन्सुलिनची घटना सांगितली. त्यासाठी बाईंची परवानगी आधी घेतली होती. दंडावरचे वण मात्र त्यांनी स्वतःच सांगितले. खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्यानंतर आम्ही वहीतील सर्व कामे तीन रकान्यांत मांडली. पहिला, आईच्या उशाशी असल्याशिवाय न होणारी. दुसरा, कुठूनही करता येणारी. तिसरा, घरच्या माणसानेच केली पाहिजेत असे नाही अशी.

दुसरा रकाना संपूर्णपणे भावाकडे गेला. दर महिन्याला औषधे आणि डायपर मागवणे, तपासणीच्या तारखा ठरवणे, विमा आणि बिलांचे कागद, निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला, हवेच्या गादीचा पंप बिघडला तर दुरुस्ती. इन्सुलिनची कुपी संपत आली आहे हे पाहणेही त्याच्याकडे. दिवसाच्या बाई दर रविवारी शिल्लक औषधांचे छायाचित्र त्याला पाठवणार आणि पुढचे सगळे तो पाहणार. लेकीने ते आठवणीत ठेवायचे नाही.

तिसऱ्या रकान्यात रात्रपाळी होती. सोमवार ते गुरुवार अशा चार रात्रींसाठी एक बाई ठरल्या. त्यांचा दर रात्रीला ६०० रुपये होता, म्हणजे आठवड्याला २,४०० आणि महिन्याला सरासरी १०,४००. यांपैकी ७,००० भावाने आणि ३,४०० बहिणीने द्यायचे ठरले. भाऊ सहज म्हणाला, "तिघांत सारखे करू या." मी त्याला वहीतील तास मोजायला सांगितले. उरलेल्या बहुतेक रात्री, रोजच्या संध्याकाळी आणि पहाटे लेकच देणार होती. जो वेळ देतो त्याची वर्गणी वेळेच्या रूपाने आधीच जमा झालेली असते. घरचे पैशाचे हिशेब मांडताना ही बाजू कोरी सोडली की पुढे मनात अढी राहते.

पहिला रकाना सर्वांत अवघड. बहिणीने दर पंधरवड्याला शनिवारी दुपारी येऊन रविवारी संध्याकाळपर्यंत राहायचे, आणि भावाने महिन्यातून एकदा शुक्रवार रात्र ते रविवार दुपार एकट्याने यायचे, असे ठरले. भाऊ म्हणाला, "आईचं डायपर मला जमणार नाही, आणि तिलाही आवडणार नाही." हे खरे होते, आणि ते मान्य करणे योग्यच होते. त्याच्या पाळीच्या दिवसांत दिवसाच्या बाईंना सकाळ-संध्याकाळ तासभर जादा पैसे देऊन बोलवायचे ठरले. भरवणे, रात्री वळवणे आणि इन्सुलिन हे त्याने शिकून घेतले. एक नियम मात्र ताठ ठेवला. दुसरे कोणी पाळीवर असेल तेव्हा लेकीने घरात थांबायचे नाही, कारण घरात असलेला माणूस हाक आली की उठतोच.

इन्सुलिनसाठी वेगळी व्यवस्था केली. ते फक्त घरच्या माणसाने द्यायचे. फ्रिजच्या दारावर एक कागद लावला. इंजेक्शन देण्यापूर्वी तो पाहायचा, आणि दिल्यावर सुई टाकण्याआधीच वेळ व सही करायची. दिले की नाही अशी शंका आली तर दुसऱ्यांदा कदापि द्यायचे नाही. साखर तपासायची आणि डॉक्टरांना फोन करायचा. आणि साखर उतरून रुग्ण बेशुद्ध झाला असेल तर तोंडाने काहीही न देता तातडीने रुग्णालयात न्यायचे. हाती येणाऱ्या माणसांची संख्या वाढते तेव्हा चुकाही वाढू शकतात, म्हणून वाटणीबरोबर हा कागद आवश्यकच आहे.

कुठे अडले

कागदावरची वाटणी पहिल्याच आठवड्यात अडली. रात्रीच्या बाई आल्या तेव्हा आईने तोंड फिरवले आणि त्यांच्या हातून पाणीही घेतले नाही. 'आईला परक्याचा हात चालत नाही' असे म्हणून अनेक कुटुंबे इथेच माघार घेतात. आम्ही लेकीला पहिल्या तीन रात्री त्या बाईंबरोबर थांबायला सांगितले. पहिल्या रात्री लेकीने करायचे आणि बाईंनी पाहायचे, दुसऱ्या रात्री दोघींनी मिळून, तिसऱ्या रात्री बाईंनी करायचे आणि लेकीने दाराशी बसायचे. चौथ्या रात्री लेक आपल्या खोलीत दार लावून झोपली. आईने दोनदा हाक मारली, नंतर ती बाईंशी बोलू लागली. पूर्ण रुळायला दोन आठवडे लागले.

दुसरी अडचण लेकीच्याच मनात होती. मोकळ्या मिळालेल्या पहिल्या शनिवारी ती शेजारच्या गावी मैत्रिणीकडे गेली आणि तिथून तिने सात वेळा घरी फोन केला. रविवारी परत आल्यावर आईचे केस नीट विंचरले नाहीत म्हणून बहिणीशी भांडली. मी तिला इतकेच म्हटले, की दुसऱ्याच्या हातची वेणी थोडी तिरपी यायचीच. जे आईच्या जिवाला धोक्याचे आहे ते वहीत लिहा आणि त्यावर आग्रह धरा. बाकीचे ज्याचे त्याला करू द्या.

तिसरी अडचण दुसऱ्या महिन्यात आली. बहिणीच्या सासूबाई पडल्या आणि तिच्या दोन पाळ्या बुडाल्या. सवयीप्रमाणे भार पुन्हा या लेकीवर आला. तेव्हा तिघांनी एक नवा नियम केला. ज्याला पाळीवर येता येत नाही त्याने बदली माणूस शोधायचा, नाही तर त्या रात्रीचे पैसे भरून रात्रीच्या बाईंना बोलवायचे. लेकीला फोन करून 'या वेळी जमत नाही ग' एवढेच सांगितले, तर ती बदली ठरत नाही.

तीन महिन्यांनंतर बाई पुन्हा आल्या. रक्तदाबाची एक गोळी सुरू केली होती आणि आता तो १३४/८४ होता. आठवड्यातून चार रात्री सहा तास सलग झोप होत होती. आईची साखर पुन्हा तशी उतरली नव्हती. सारे सुरळीत झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. आईचे डावे अंग लुळे ते लुळेच आहे, पैशांची ओढाताण आहे, आणि भाऊ एकदा पाळी चुकवून मोकळाही झाला होता. पण त्या दिवशी आईच्या अहवालाआधी बाईंनी स्वतःचा हात पुढे केला.

ज्यांना भावंडे नाहीत त्यांनाही वही आणि तीन रकाने उपयोगी पडतात, फक्त नावे बदलतात. शेजारी, मावसभाऊ, आईची जुनी मैत्रीण यांना 'जमेल तेव्हा या' असे न सांगता एक ठरावीक वार, एक तास आणि एक काम द्यावे. बुधवारी पाच ते सहा जवळ बसणे, एवढेही पुरे. शहरांत ज्येष्ठांसाठी दिवसभराची केंद्रे आणि काही दिवसांपुरती निवासाची सोय असते, तिची चौकशी करावी. आजार बळावलेला असेल तर जवळच्या मोठ्या किंवा जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअर विभाग आहे का, हे विचारावे. काही ठिकाणी त्यांचे पथक घरी येते आणि घरच्यांना शुश्रूषा शिकवते.

वाटणीने सर्व काही बरे होत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक वेळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, पाळी मिळूनही झोप येत नसेल, तर तो थकवा नसून नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार लागतात. 'हे सगळं संपून जावं', 'मी नसते तर बरं' असे विचार येऊ लागले तर एक दिवसही थांबू नये. 'टेली-मानस' या शासकीय दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस आणि विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.

हे पाक्षिक वाचणाऱ्यांत काही जण स्वतः अंथरुणाला खिळलेले असतील. त्यांना एक विनंती. तुमच्या लेकीने किंवा मुलाने परका माणूस आणला तर त्याने तुम्हाला टाकले असे समजू नका. त्या परक्या हाताने पाणी घेतलेत, तर तुमच्या मुलाला एक रात्र झोप मिळते. माझ्या त्या रुग्ण आजी आता रात्रीच्या बाईंना स्वतःच सांगतात, "दार ओढून घे गं, लेक झोपलीय माझी."